मदत हवी आहे: मुलाचं जहाज जपानहून अमेरिकेला निघालंय, पण सरळ जायचं सोडून वर उत्तरेला का चाललंय?

गंगापूररोडकर

राम राम मंडळी. मी नाशिकचा, जलसंपदा खात्यातून निवृत्त. धाकटा मुलगा डेक कॅडेट आहे, पहिलीच बोट. मागच्या आठवड्यात योकोहामाहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. जमेल तेव्हा तो अक्षांश-रेखांश पाठवतो आणि मी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पेन्सिलनं टिंब काढतो. बायको रोज विचारते, "कुठवर आला?"

दोन्ही बंदरं जवळपास एकाच उंचीवर आहेत, एक ३५ उत्तर, दुसरं ३८ उत्तर. पट्टी ठेवली तर रेघ जवळजवळ आडवी येते. पण पहिलं टिंब आलं ४० उत्तर, १५० पूर्व. पुढचं ४३ अंश ४० मिनिटं उत्तर, १६० पूर्व. म्हणजे बोट अलास्काकडे निघाल्यासारखी दिसते. मुलाला विचारलं तर म्हणाला, "सेकंड मेटनं कोर्स काढलाय बाबा, हाच जवळचा रस्ता आहे, नंतर सांगतो." वाकडा रस्ता जवळचा कसा? आयुष्यभर कालव्यांची मोजणी केली, पण हे काही पटेना. वादळ चुकवतायत आणि घरी काळजी नको म्हणून सांगत नाहीत, असं तर नसेल?

पेठरोड_पवन

काका, काळजी करू नका. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे समुद्रात सगळ्यात जवळचा रस्ता नेहमी ध्रुवाकडे वाकलेला असतो. त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. विमानंही तशीच जातात. नकाशावरची सरळ रेघ म्हणजे रम लाइन, ती जुन्या काळची पद्धत, आता कोणी वापरत नाही. सुकाणूवरचा माणूस चाक सतत थोडं थोडं फिरवत राहतो.

द्राक्षवाला_निफाड

चांगला विषय काढलात. गेल्या हंगामात आमचा रॉटरडॅमचा कंटेनर सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून गेला, माल पोचायला कितीतरी दिवस जास्त लागले. हे ग्रेट सर्कल वापरलं असतं तर दिवस वाचले असते का? एजंटाला विचारायला बरं.

जुना_चीफमेट

गंगापूररोडकर, तुमचा मुलगा खरं बोलतोय. मी बावीस वर्षं बोटीवर काढली, आता इंदिरानगरला असतो. सवडीनं लिहितो, कारण पवननं अर्धं बरोबर सांगितलंय आणि उरलेल्या अर्ध्यानं घोटाळा होईल.

नकाशा बाजूला ठेवा आणि गोल्फ क्लबच्या मैदानावर या. मधोमध एक खुंटी ठोका, तिला उत्तर ध्रुव समजा. तुम्ही खुंटीपासून शंभर पावलांवर उभे आहात आणि मी बरोबर समोरच्या बाजूला, शंभर पावलांवर. आता माझ्याकडे यायचंय, पण अट अशी की सतत 'पूर्वेला' चालायचं, म्हणजे खुंटी कायम डाव्या हाताला काटकोनात राहिली पाहिजे. तुम्ही अर्धं वर्तुळ चालाल, ३१४ पावलं. अट सोडून सरळ खुंटीवरून आलात तर २००. होकायंत्रावर एकच आकडा धरून चालणं ही रम लाइन, आणि सरळ येणं हे ग्रेट सर्कल. जमिनीवर वाकडा रस्ता रम लाइनचा आहे, तुमच्या भिंतीवर मात्र तोच सरळ दिसतो.

असं का दिसतं? भिंतीवरचा नकाशा मर्केटर पद्धतीचा असणार. १५६९ साली मर्केटरनं तो खलाशांच्या सोयीसाठी काढला. पृथ्वीवर रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ येतात. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे ६० सागरी मैल, ३६-३७ उत्तरेला साधारण ४८, तर ४८ उत्तरेला फक्त ४०. नकाशात या सगळ्या रेषा समांतर उभ्या केल्या आहेत, म्हणजे वरचा भाग आडवा ताणला. कोन बिघडू नयेत म्हणून तेवढाच उभाही ताणला. त्यामुळे नकाशावर जितकं वर जाल तितके एका सेंटिमीटरमधले मैल कमी होतात. वरून जाणारी रेघ लांब दिसते, पण तिच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे मैल कमी आहेत. तुमची पट्टी तिथेच फसते.

म्हणून चार्टवर अंतर मोजताना आम्ही डिव्हायडर त्याच अक्षांशाजवळच्या उभ्या कडेला लावायचो. खालच्या कडेवर मोजणाऱ्या कॅडेटला शिव्या पडायच्या.

गंगापूररोडकर

खुंटीचं उदाहरण एकदम पटलं साहेब. पण तिथे ध्रुव शंभर पावलांवर होता. ३५ अंशावर एवढा फरक पडतो? प्रत्यक्ष किती मैल वाचतात?

भूगोल_ताई

मी शाळेत शिकवते, एक्सेलमध्ये करून पाहिलं. पहिल्यांदा १४० मधून १२३ वजा केले, फरक १७ घेतला आणि उत्तर आलं ८३८ मैल. १४ नॉटनं अडीच दिवसांत अमेरिका! मग लक्षात आलं की एक रेखांश पूर्व आहे आणि एक पश्चिम. १४० पासून १८० पर्यंत ४०, पुढे १२३ पश्चिमेपर्यंत ५७, असा फरक ९७. सूत्र देते, स्वतः करून बघा:

```
=60*DEGREES(ACOS(SIN(RADIANS(35))*SIN(RADIANS(38))
+COS(RADIANS(35))*COS(RADIANS(38))*COS(RADIANS(97))))
```

उत्तर ४४४४ सागरी मैल. हे ग्रेट सर्कलचं अंतर. आडव्या रेघेचं मला नीट जमलं नाही.

जुना_चीफमेट

ताई, तुमचं बरोबर आहे. आकडे सोयीसाठी गोल धरलेत, बोट सुटते ती जागा किनाऱ्यापासून थोडी बाहेर असते, पण त्यानं फारसं बिघडत नाही. रम लाइनचं मी जुन्या पद्धतीनं काढलं: कोर्स साधारण ०८८, अंतर ४६८१ मैल. फरक २३७ मैलांचा. १४ नॉटच्या बोटीला हे सतरा तास झाले. सतरा तासांचं तेल म्हणजे मालकाच्या दृष्टीनं थोडं नव्हे.

आता हाच रस्ता कोर्सच्या अंगानं बघा. सुटताना बोटीचं तोंड ०५४ ला, म्हणजे जवळजवळ ईशान्येला. तुमची टिंबं वर का चढली ते यातच आलं. १६८ अंश ४४ मिनिटं पश्चिमेला ती सर्वात उत्तरेच्या बिंदूवर पोचते, ४८ अंश १३ मिनिटांवर. तिथे कोर्स बरोबर ०९०. अल्यूशियन बेटं तिथून अजून बरीच वर राहतात. मग उतरण, आणि सॅन फ्रान्सिस्कोजवळ कोर्स १२२. रस्ता एकच, पण प्रत्येक रेखांशाला तो वेगळ्या कोनात छेदतो. नकाशावर रेखांश समांतर काढलेत, मग वेगवेगळ्या कोनांत छेदणारी रेघ वाकडीच दिसणार ना? सरळ दिसेल ती फक्त सगळ्यांना एकाच कोनात छेदणारी.

आता पवन. चाक सतत फिरवत नाहीत, नाहीतर हेल्म्समन वेडा होईल. सेकंड मेट या कमानीवर दर पाच-दहा अंश रेखांशाला एक वेपॉइंट घेतो: १५० पूर्वेला ४० अंश ०४ मिनिटं, १६० ला ४३ अंश ४४, १८० ला ४७ अंश ४० वगैरे. दोन वेपॉइंटच्या मधे बोट रम लाइननंच जाते, एक कोर्स धरून. म्हणजे रम लाइन जुनी झालेली नाही, तिचे तुकडे जोडूनच ग्रेट सर्कल चालतं.

आणि 'नेहमी' ध्रुवाकडे, हेही नाही. मुंबई ते मोंबासा दोन्ही पद्धतींनी मोजा, जेमतेम एखादा मैल वाचतो, २३९२ नि २३९३. विषुववृत्ताजवळ किंवा उत्तर-दक्षिण जाताना दोन्ही रेघा जवळपास एकच. फायदा होतो तो वरच्या अक्षांशांवर, पूर्व-पश्चिम, लांब पल्ल्याला.

पेठरोड_पवन

चाकाचं मान्य. पण मग कुरोशिओ प्रवाहाचं काय? तो जपानपासून ३५ अंशाच्या आसपास पूर्वेलाच वाहतो. खालच्या रस्त्यानं गेलं तर पाठीमागून ढकलेल की. सतरा तास तिथेच भरून निघाले तर?

जुना_चीफमेट

प्रश्न चांगला आहे. जपानजवळ त्याचा जोर असतो, पुढे तो फाटत आणि विरत जातो. सुरुवातीला त्याचा फायदा घेऊन मग वर चढणारे कॅप्टन मी पाहिलेत. सबंध प्रवासात तो सतरा तास भरून काढेल असं मला वाटत नाही, पण मी कधी हिशोब मांडलेला नाही.

द्राक्षवाला_निफाड

माझ्या कंटेनरचं राहिलंच.

जुना_चीफमेट

भाऊ, मुंबई ते केपटाउनची सर्वात जवळची रेघ आफ्रिकेच्या पोटातून जाते. बोट किनारा सोडून विषुववृत्त ओलांडत तिरकी खाली उतरणार, तिथे मोंबासासारखंच, वाचण्यासारखं फार नाही. तुमचे दिवस वळशात गेले. एजंटाशी यावरून भांडू नका.

गंगापूररोडकर

आज रविवार कारंजावरून पृथ्वीचा गोल आणला, दोनशे ऐंशी रुपये. जपान ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून धरला आणि बघतो तर दोरा आपोआप वर सरकला. खाली ३६ अंशावर ओढून धरला तर अपुरा पडतो, हात सोडला की पुन्हा वर जातो. पहिली दोन्ही टिंबं दोऱ्याखाली आली. बायकोलाही दाखवलं. ती म्हणाली, मग हा भिंतीवरचा काढून टाका.

पण आत्ताच मुलाचा निरोप आला: ४५ अंश १० मिनिटं उत्तर, १७८ पूर्व. तुमच्या हिशोबानं तिथे साडेसत्तेचाळीसच्या जवळ हवं होतं ना? म्हणजे सव्वाशेहून जास्त मैल खाली. हे काय?

जुना_चीफमेट

गणित तुमचं बरोबर आहे. बोट कमानीवरून दक्षिणेला उतरलीय. उत्तर पॅसिफिकमध्ये कमी दाबाची क्षेत्रं त्याच पट्ट्यातून एकामागून एक पूर्वेला जातात, म्हणून पुष्कळदा कॅप्टन आधीच अक्षांशाची मर्यादा ठरवतो: अमुक अंशापर्यंत चढायचं, मग त्याच अक्षांशावर सरळ पूर्वेला, आणि पुढे पुन्हा कमानीनं खाली. असं आधीच ठरलं होतं की हवामानाचा अंदाज पाहून ऐन वेळी वळवलं, हे नाशिकमध्ये बसून सांगता येणार नाही. थोडे मैल वाढले तरी लाटा कमी असतील तर वेग टिकतो. पुढचं टिंब पुन्हा पंचेचाळीसच्या आसपास आलं तर मर्यादा ठरवली असं समजा. आणखी खाली आलं तर हवामान.

भूगोल_ताई

काका, पुढचं टिंब इथे नक्की टाका. आणि भिंतीवर ते डावीकडच्या कडेला शोधा, १८० ओलांडलं की बोट उजवीकडून गायब होते.

गंगापूररोडकर

टाकतो. भिंतीवरचा नकाशा अजून काढलेला नाही.