'डीकन्व्हॉल्यूशन'ला मराठीत काय म्हणावं?

मृणाल: एका लेखाचं भाषांतर करतेय. सूक्ष्मदर्शकातून पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूलच्या प्रतिमा घेतल्यात आणि प्रत्यक्ष मोजलेला पीएसएफ, म्हणजे एक बिंदू भिंगातून कसा पसरून दिसतो तो नमुना, वापरून त्या डीकन्व्हॉल्व्ह केल्यात. मी 'प्रतिमा रेखीव केली' असं लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'मूळ प्रतिमा परत मिळवली' असं केलं. मला ते खटकतंय, पण का ते धड सांगता येत नाही.

श्रीरंग: कन्व्हॉल्यूशन म्हणजे 'संवलन', मग हे 'विसंवलन'. 'वल्' म्हणजे वळणं. जर्मनमध्ये संवलनाला 'फाल्टुंग' म्हणतात, म्हणजे घडी घालणं. शब्द घडवता येत असताना उसना कशाला घ्यायचा?

तन्मय: 'विसंवलन' वाचून कोणाला काय कळणार? फोटो एडिटरमध्ये शार्पन असतं ना, तेच हे. 'धारदार केली' लिहा आणि मोकळ्या व्हा.

वैशाली: तन्मय, तेच नाही. शार्पन नुसत्या कडा ठळक करतं, प्रतिमा कुठल्या भिंगातून आली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. इथे आधी 100 नॅनोमीटरच्या फ्लुरोसंट मण्याची प्रतिमा थराथराने घेतात. 1.4 एनएच्या, म्हणजे खूप रुंद कोनातून प्रकाश गोळा करणाऱ्या ऑब्जेक्टिव्ह भिंगाला हिरव्या प्रकाशात साधारण 225 नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवता येत नाहीत, म्हणून हा मणी त्याच्या लेखी बिंदूच. तो जसा फासटलेला दिसतो, तो पीएसएफ. पेशीतला प्रत्येक बिंदू तसाच फासटलेला असतो. मग खरी रचना कशी असेल याचा एक अंदाज घ्यायचा, तो पीएसएफने फासटून बघायचा, घेतलेल्या प्रतिमेशी ताडायचा, सुधारायचा आणि पुन्हा तेच. रिचर्डसन (1972) आणि ल्यूसी (1974) यांची पद्धत हीच. पसरलेला प्रकाश जागच्या जागी गोळा होतो, एकूण प्रकाश तेवढाच राहतो.

श्रीरंग: म्हणजे घडी उलगडणंच झालं की! 'विसंवलन' जड वाटत असेल तर 'उलगड' म्हणा.

वैशाली: 'उलगड' छान आहे, पण सगळं उलगडतं असं नाही. संपादकांच्या वाक्यात तीच अडचण आहे. ठरावीक मर्यादेपलीकडचा बारकावा भिंगातून आत येतच नाही, तो परत कुठून मिळवणार? शिवाय कॅमेऱ्यातला नॉइजही सोबत वाढतो. दहा-पंधरा फेऱ्यांत मायक्रोट्यूब्यूल सलग आणि बारीक दिसते. शेकडो फेऱ्या चालवल्या की तीच तुटक ठिपक्यांची रांग होते, आणि बघणाऱ्याला वाटतं की प्रथिनं पुंजक्यांनी बसलीत.

नितीन: माझ्याकडे वेगळाच घोळ झालाय. ऊतीचा जाड काप आहे, रचना सुमारे 40 मायक्रॉन खोल. ऑब्जेक्टिव्ह तेलाचं, म्हणजे भिंग आणि काच यांच्यामध्ये तेलाचा थेंब. मणी काचेवर वाळवून पीएसएफ मोजला. डीकन्व्हॉल्यूशननंतर खोलीच्या दिशेने प्रत्येक ठिपक्याला एकाच बाजूला फिकट शेपूट येतं. सॉफ्टवेअर बदललं तरी तेच.

वैशाली: काप कशात बसवलाय?

नितीन: पाण्यासारख्याच द्रावणात.

वैशाली: मग सॉफ्टवेअरचा दोष नाही. तेलाचा अपवर्तनांक 1.518, पाण्याचा 1.33. जितकं खोल जाल तितकं गोलीय विपथन वाढतं आणि प्रकाश एका बाजूला जास्त सांडतो. काचेला चिकटलेल्या मण्याला हे भोगावं लागत नाही, त्याचा पीएसएफ दोन्हीकडे जवळपास सारखा येतो. जो सांडलेला प्रकाश पीएसएफमध्ये नाही, तो रचनेचाच भाग समजला जातो. तेच तुमचं शेपूट. मणी त्याच द्रावणात, त्याच खोलीवर मोजा. पार्श्वभूमी वजा करून काही मण्यांची सरासरी घ्या, एका मण्याचा नॉइज नको.

तन्मय: हबल दुर्बिणीतही गोलीय विपथनच होतं ना? 1993 ची दुरुस्ती होईपर्यंत तिच्या प्रतिमांवर हेच करत होते.

वैशाली: हो. नितीन, तपासायची सोपी युक्ती सांगते. आलेलं उत्तर पुन्हा पीएसएफने फासटा आणि घेतलेल्या प्रतिमेतून वजा करा. उरलं ते नुसतं दाणेदार असेल तर ठीक. त्यात रचनेचा आकार ओळखू येत असेल तर एक तर पीएसएफ चुकीचा आहे किंवा फेऱ्या कमी पडल्यात.

नितीन: पण वरचा थर 5 मायक्रॉनवर आणि खालचा 40 वर. दोन्हींना एकच पीएसएफ चालेल?

वैशाली: नाही चालणार. थरांचे भाग पाडून प्रत्येकाला वेगळा पीएसएफ द्या, किंवा मुळात पाण्याचं ऑब्जेक्टिव्ह घ्या. मी दुसरा पर्याय घेईन.

श्रीरंग: 'अपवर्तनांक', 'विपथन' इतकं सहज लिहिता, मग 'विसंवलन'च का अडतं? ते शब्दही कधीतरी नवे होते.

तन्मय: ते शाळेच्या पुस्तकांतून आले, सर. हा प्रयोगशाळेत कोणाच्या तोंडी नाही.

नितीन: मणी लाल घेतले तर चालतील का? रचना हिरवी आहे, म्हणजे सरमिसळ होणार नाही.

वैशाली: नको. तरंगलांबी बदलली की पीएसएफ बदलतो, लाल तर जास्त पसरतो. मणी हिरवेच घ्या, फक्त रंग न दिलेल्या कापात मिसळा.