मदत हवी आहे: सरकी ढेपेचा राखीव साठा २४ पोती निघतो, तरी माल संपतो

दारव्हा_ढेप
राजेहो, लवकर सांगा. सरकी ढेपेचा राखीव साठा एक्सेलमध्ये काढला, २४ पोती आला. तेवढा ठेवतो, तरी मागच्या दहा गाड्यांत तीनदा गोदाम रिकामं झालं आणि गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं. सर्व्हिस लेव्हल ९५ टक्के धरली आहे. चूक कुठं होऊन राहिली?

वर्धेकर
भाऊ, रोजची विक्री किती, गाडी यायला दिवस किती, सूत्र कोणतं, काहीच लिहिलं नाही. कोणी काय सांगावं?

दारव्हा_ढेप
रोज सरासरी २० पोती, प्रमाण विचलन ६. माल सहा दिवसांत येतो. ९५ टक्क्यांसाठीचे १.६५ गुणिले ६ गुणिले सहाचं वर्गमूळ. दुकान आठवडाभर उघडं असते. एका गाडीत २०० पोती. अजून काय पाहिजे?

हिंगणघाट_अडत
वर्गमूळ कायले पाहिजे? सर्वात जास्त विक्रीचा दिवस गुणिले सर्वात जास्त लागलेले दिवस, त्यातून सरासरी विक्री गुणिले सरासरी दिवस वजा करा. जे उरेल तो राखीव साठा. कधीच कमी पडणार नाही.

वर्धेकर
"सहा दिवसांत" म्हणजे दरवेळी सहाच का? मागच्या दहा गाड्यांचे दिवस लिहा. ऑर्डरच्या फोनपासून पोती गोदामात उतरेपर्यंतचे मोजा. ऑइल मिलमधून गाडी निघाल्यापासूनचे मोजाल तर अर्धी अडचण दिसणारच नाही.

दारव्हा_ढेप
वहीतून काढले: ४, ५, ४, ७, ५, ४, ९, ६, ४, १२. सरासरी सहाच येते न!

वर्धेकर
सरासरी सहाच आहे, पण चूक तिथंच आहे. तुमचं सूत्र धरून चालतं की गाडी दरवेळी बरोबर सहाव्या दिवशी येते आणि फक्त विक्री वरखाली होते. तुमच्याकडं उलटं आहे. विक्री बऱ्यापैकी सरळ आहे, गाडीचाच नेम नाही.

आधी दिवसांचं विचलन काढू. सहापासून प्रत्येक गाडी किती दिवस दूर आहे त्याचा वर्ग करा आणि बेरीज घ्या, ती ६४ येते. नोंदी दहा आहेत म्हणून नऊनं भागा, ७.११ येतात. त्याचं वर्गमूळ २.६७ दिवस.

आता दोन ढीग वेगळे मांडा. पहिला विक्रीमुळं होणाऱ्या फरकाचा: ६ दिवस गुणिले ६ चा वर्ग, म्हणजे २१६. दुसरा गाडीमुळं होणाऱ्या फरकाचा: २० चा वर्ग गुणिले ७.११, म्हणजे २८४४. बेरीज ३०६०, वर्गमूळ ५५.३. त्याला १.६५ नं गुणलं की ९१ पोती.

तुम्ही फक्त २१६ चा ढीग मोजला. त्याच्या तेरापट मोठा ढीग हिशेबाबाहेर राहिला.

ऑर्डर देण्याची पातळी म्हणजे सहा दिवसांची विक्री १२० अधिक ९१, म्हणजे २११ पोती. तुम्ही १४४ वर फोन करत असणार. आता तुमच्याच वहीशी ताडून पाहा. ७ दिवसांत १४० पोती जातात, म्हणजे काठावर. ९ दिवसांत १८० आणि १२ दिवसांत २४०. तीनदा रिकामं झालं ते याच तीन गाड्यांना ना?

एक्सेलमध्ये E1 ला रोजची सरासरी विक्री, E2 ला सरासरी दिवस, E3 ला विक्रीचं विचलन, E4 ला दिवसांचं विचलन टाका:

```
=NORM.S.INV(0.95)*SQRT(E2*E3^2+E1^2*E4^2)
```

विक्री रोजची असेल तर दिवसही दिवसांतच हवेत. आठवड्याची विक्री आणि दिवसांतली गाडी एकत्र झाली की आकडा कुठल्या कुठं जातो.

दारव्हा_ढेप
हो, त्याच तीन गाड्या. पण ९१ म्हणजे लईच झालं.

वाशिम_कृषी_केंद्र
माझ्याकडं सोयाबीन बियाण्याचंही असंच आहे. पेरणीच्या वेळी दोन आठवड्यांत सगळा माल जातो. हेच सूत्र लावू का?

वर्धेकर
नका लावू. हे रोज चालणाऱ्या मालासाठी आहे. बियाणं एका हंगामाचं, उरलं तर पुढच्या वर्षी उगवण कमी. तिथं उरलेल्या बॅगचा तोटा आणि हातून गेलेल्या विक्रीचा तोटा समोरासमोर ठेवावा लागतो. वेगळा धागा काढा, इथं दोन्ही हिशेब मिसळतील.

हिंगणघाट_अडत
माझी पद्धत काय वाईट आहे ते सांगा न. दारव्हावाले, सर्वात जास्त विक्री किती?

दारव्हा_ढेप
३२ पोती, बाजाराच्या दिवशी.

वर्धेकर
मग ३२ गुणिले १२, वजा १२०. २६४ पोती राखीव. यात सलग बारा दिवस बाजार भरतो असं धरलं आहे. शिवाय उद्या एखादी गाडी १५ दिवसांनी आली तर आकडा एकदम ३४० च्या आसपास जाईल, एका नोंदीवर.

हिंगणघाट_अडत
पण बारा दिवस लागलेच न? तुमच्या २११ वर फोन केला तरी २४० पोत्यांची विक्री निघत नाही. म्हणजे तेव्हाही संपणारच.

वर्धेकर
हे मात्र खरं बोललात. सूत्र दिवसांचा फरक दोन्ही बाजूंना सारखा धरतं. गाडी चाराच्या आत येत नाही, उशीर मात्र कितीही होतो. म्हणून ९५ टक्के हा आकडा नावाला ९५ आहे, आणि दहा नोंदी तशाही थोड्या. वीस-पंचवीस गाड्या झाल्या की दरवेळी फोनपासून गाडी उतरेपर्यंत खरोखर किती पोती गेली ते वहीत लिहा आणि त्यावरून पातळी ठरवा.

अकोट_पशुखाद्य
एवढी ढेप ठेवाल तर पावसाळ्यात बुरशी लागेल. पोती जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर. बुरशीची ढेप दुभत्या जनावराला घातली तर विष दुधात उतरते.

दारव्हा_ढेप
गोदाम ३०० पोत्यांचं आहे. हे लिहायचं राहिलं.

वर्धेकर
हेच आधी हवं होतं. २११ वर फोन केला आणि गाडी चौथ्याच दिवशी आली, तर ८० जाऊन १३१ उरतात, वर २०० आली की ३३१. मावणार नाहीत. ३०० मध्ये बसवायचं तर फोन १८० वर करावा लागेल. तेव्हा राखीव ६०, म्हणजे ५५.३ च्या १.०८ पट, सर्व्हिस लेव्हल सुमारे ८६ टक्के.

त्यापेक्षा ९ आणि १२ दिवस कशामुळं लागले ते शोधा. विचलन २.६७ वरून १ दिवसावर आणलं, तर २१६ अधिक ४०० म्हणजे ६१६, वर्गमूळ २४.८, राखीव ४१ पोती. फोन १६१ वर, गोदामातही बसतं.

अजून एक. माल संपलेल्या दिवशी विक्रीत शून्य लिहिलं आहे का?

दारव्हा_ढेप
हो, शून्यच आहे.

वर्धेकर
ते दिवस काढून टाका. त्या दिवशी मागणी होती, माल नव्हता. शून्यांमुळं सरासरी खोटी कमी होते आणि विचलन खोटं वाढतं. काढल्यावर वरचे आकडे पुन्हा मांडा. आणि पातळी बघताना गोदामातली अधिक वाटेवरची पोती मोजा, नाहीतर एकाच गाडीसाठी दोनदा फोन होईल.

हिंगणघाट_अडत
उशीर ऑइल मिलचा असेल तर दुसरी मिल धरा, अर्धी-अर्धी गाडी.

वर्धेकर
भाडं पोत्यामागं वाढेल, ते आधी बघा.

दारव्हा_ढेप
१२ दिवसांची गाडी दिवाळीतली होती, मिल बंद होती. ९ ची आठवत नाही. शून्य काढून उद्या आकडे टाकतो.