साडेपाच फूट झाला म्हणून लगेच अ‍ॅडल्ट स्मॉल?

मूळ पोस्ट – लांबटांग
पोरगा साडेपाच फुटांवर गेला की खेळाच्या कपड्यांत यूथ एक्सएलकडे बघूसुद्धा नका. सरळ अ‍ॅडल्ट स्मॉल उचला. बाह्या आखूड, पोट उघडं, असल्या अवतारात मुलांना मैदानात पाठवणाऱ्यांची कीव येते. यूथ, ज्युनिअर वगैरे सगळी लेबलांची चलाखी आहे, कपडा तोच.

---

मुंढेवाला
कपडा तोच नाही. कीव जरा राखून ठेवा.

यूथ एक्सएल आणि अ‍ॅडल्ट स्मॉल शेजारी शेजारी पसरा. छातीची रुंदी मोजलीत तर फरक फार वाटणार नाही, आणि तिथेच लोक फसतात. आता खांद्याची शिवण बघा आणि मग बाही जिथे जोडतात तो मुंढा बघा. अ‍ॅडल्टचा पॅटर्न रुंद खांदा आणि भरलेली पाठ धरून कापतात, यूथचा जवळजवळ सरळसोट धड धरून. त्यामुळे स्मॉलचा मुंढा खाली उतरलेला असतो.

हा खाली उतरलेला मुंढा अरुंद पोराच्या अंगात काय करतो? हात वर केला की काखेतलं कापड ओढलं जातं आणि त्याच्याबरोबर अख्खी जर्सी वर येते. गोलंदाजी करा, सर्व्हिस करा, थ्रो-इन टाका, तेच होणार. म्हणजे ज्या उघड्या पोटासाठी तुम्ही मोठा साइझ घेतलात, ते पोट मोठ्या साइझमध्येच जास्त उघडं पडतं. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात एकटा वर जातो, खालची कड जागची फारशी हलत नाही.

पटत नसेल तर दोन्ही घालून आरशासमोर हात कानाला टेकवा आणि कड किती वर सरकली ते बघा.

---

लांबटांग
शिंपीकाम छान आहे, पण मुलं आरशासमोर खेळत नाहीत. यूथ एक्सएलची बाही मनगटाच्या चार बोटं वर राहते त्याचं काय? की मनगट कापायचं?

---

किटबॅग
या धाग्यावर यायचंच होतं. संघाच्या किटची यादी करणाऱ्याला विचारा साइझ म्हणजे काय. पालकांना मापं मागितली की उत्तर येतं: "तेरा वर्षं, उंच आहे." उंच म्हणजे किती? छाती किती? पुन्हा विचारलं की "मिडीयम लिहा हो". कुठलं मिडीयम, यूथ की अ‍ॅडल्ट? एकदा पाठीवर नाव-नंबर छापला की जर्सी परत जात नाही हे ठाऊक असूनही हेच.

आणि लेबलावरच्या वयावर तर कुणी जाऊच नये. 13-14 लिहिलेल्या एकाच जर्सीत एक पोर हरवतं आणि दुसऱ्याच्या डोक्यातून ती उतरत नाही. त्यापेक्षा उंचीचे आकडे छापतात ती पद्धत बरी, 152, 158, 164, 170, 176. निदान आपण काय विकत घेतोय ते कळतं.

---

मुंढेवाला
त्या आकड्यांतही एक खोच आहे. 170 म्हणजे 170 सेंटिमीटर उंचीचं आणि त्या उंचीला शोभेल अशा छातीचं मूल. आपला प्रश्नच अशा पोरांचा आहे ज्यांची उंची छातीच्या पुढे निघून गेलीय. वयात येताना आधी पावलं आणि हात-पाय लांबतात, धड मागून येतं, आणि मुलग्यांचे खांदे-छाती तर सगळ्यात शेवटी भरतात. म्हणून उंची हा एकटा आकडा याच वयात सगळ्यात जास्त दगा देतो.

लांबटांग, बाहीचा मुद्दा बरोबर आहे. पूर्ण बाहीच्या टॉपला तुमचं म्हणणं लागू पडतं. अर्ध्या बाहीच्या जर्सीला नाही.

---

वाढतं_माप
एवढी डोकेफोड कशाला? वाढत्या अंगाचं दोन साइझ मोठं घ्यायचं, दोन सीझन निघतात. सगळे असंच वाढले, कुणाचा मुंढा अडला नाही.

---

किटबॅग
अडला नाही कसा? बाही कोपराखाली लोंबतेय, शॉर्ट्स गुडघ्याखाली, पोर धावताना एका हाताने कंबर धरून. दर सामन्यात एक तरी असतोच.

---

वाढतं_माप
त्याला नाडी म्हणतात. ती ओढून बांधायची असते. शिकवा.

---

किटबॅग
नाडी असेल तर बांधेल ना! यूथच्या कितीतरी शॉर्ट्सना नुसतं इलॅस्टिक असतं. लहान मुलांच्या कपड्यांवरच्या नाड्या कशाततरी अडकून अपघात होतात, म्हणून युरोपात 14 वर्षांपर्यंतच्या कपड्यांच्या नाड्यांवर नियम आहेत. कमरेच्या नाडीची लांबीसुद्धा त्यात येते. मग बनवणारे ती भानगडच नको म्हणून काढून टाकतात. तुमचे दोन साइझ मोठे यूथ शॉर्ट्स कशाने बांधायचे, सुतळीने?

---

वाढतं_माप
सुतळी तुमच्या जिभेला बांधा आधी. साधं बोलता येत नाही?

---

मुंढेवाला
दोघंही थांबा, यातला हिशेब निघतो.

अगदी जोराने वाढणारा मुलगा वर्षाला 9-10 सेंटिमीटर वाढतो. चार महिन्यांच्या सीझनला धरा तीन. त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा पायांचा. म्हणजे जर्सीच्या उंचीत सीझनभरासाठी एक-दीड सेंटिमीटर जास्त लागतं. दोन साइझ मोठं घेतलं की ती दहाएक सेंटिमीटर लांब होते. हे वाढीसाठी नाही, हा नुसता सदरा झाला. पॅन्टच्या पायात मात्र तीन सेंटिमीटर जास्त ठेवलेत तर शहाणपणाचं.

शिवून घेतलेल्या कपड्यात माया सोडता यायची, वाढलं की उसवून सोडायचं. ओव्हरलॉक मारलेल्या जर्सीत कड कापूनच शिवतात, आत सोडायला काही उरत नाही. म्हणून "वाढत्या अंगाचं" हे त्या कपड्याला लागू होतं, याला नाही.

---

वाढतं_माप
पॅन्टला तरी लागू होतं म्हणालात, एवढं पुरे आहे मला.

---

लांबटांग
हवेतल्या गोष्टी पुरे. उंची 168, छाती 78, कंबर 66, खांदा 39, पायाची आतली लांबी 78. काय घेणार, सांगा.

---

मुंढेवाला
आणखी एक माप लागेल. मान पुढे वाकवली की मागे जे मोठं हाड वर येतं, तिथून पाठीवरून टेप खाली, जर्सीची कड जिथे हवी तिथपर्यंत. 65 धरतो.

समजा समोरच्या जर्सीची मापं अशी आहेत. यूथ एक्सएल: रुंदी 48, खांदा 41, उंची 66. स्मॉल: रुंदी 52, खांदा 45, उंची 71. ही कपड्याची मापं आहेत, अंगाची नाहीत. तक्त्यात कुठली दिलीत ते आधी बघायचं, निम्म्या चुका तिथे होतात. कपड्याची रुंदी पसरून मोजलेली असते, ती दुप्पट करायची.

यूथ एक्सएलचा घेर 96, पोराची छाती 78, म्हणजे 18 सेंटिमीटर ढील. खेळायला भरपूर. स्मॉलमध्ये 26, वारा भरला की फुगा. खांद्याची शिवण यूथमध्ये हाडाच्या एक सेंटिमीटर पुढे पडते, स्मॉलमध्ये तीन. तीनला मुंढा ओढायला लागतो. उंचीत यूथ जेमतेम पुरते. म्हणजे जर्सी यूथ एक्सएल, फक्त याच सीझनपुरती.

ट्रॅक पॅन्टचं उलट. यूथ एक्सएलची आतली लांबी 74 असेल, तर ती आजच चार सेंटिमीटर आखूड आहे. कमरेपासून दोन पायांमधल्या शिवणीपर्यंतचं आसनही तोकडं पडतं. ते ओळखायचं कसं? उकिडवं बसवा, मागची कंबरपट्टी खाली घसरली तर आसन संपलं. स्मॉलची लांबी 79 आणि नाडी असेल, तर 66 ची कंबर आवळून बसते. पॅन्ट अ‍ॅडल्ट स्मॉल, जर्सी यूथ. वर-खाली एकच साइझ पाहिजे असा हट्ट कशाला?

---

लांबटांग
म्हणजे निम्मं माझंच खरं निघालं. कमरेखालचं.

---

मुंढेवाला
कमरेखालचं तुमचं. घ्या.

---

किटबॅग
आमच्या ऑर्डर फॉर्मवर साइझचा एकच रकाना आहे हो. सेट म्हणूनच येतं.

---

दुपारची_चहावाली
मुलगी 12 ची, उंची 163, कंबर 64, सीट 90. तिला यूथ एक्सएल शॉर्ट्स मांडीला घट्ट होतात पण टॉप नीट बसतो. म्हणजे टॉप अ‍ॅडल्ट स्मॉल घ्यायचा ना? वरचं वाचून तसं वाटलं.

---

मुंढेवाला
नाही ताई, उलट. टॉप बसतोय तर तो यूथच ठेवा. मुलींच्यात सीट आधी भरते, म्हणून खालचा कपडा आधी बदलायचा. तोही लेडीज कटमधला स्मॉल बघा. पुरुषांच्या स्मॉलमध्ये सीटला बसलं की कंबर ढगळ राहते. संघाचं किट युनिसेक्स असेल तर तो बहुतेक वेळा पुरुषांचाच पॅटर्न असतो, नाव काहीही द्या.

---

पाण्यातला
सगळे जर्सी-पॅन्टवरच. स्विमसूटला यातलं काहीच चालत नाही. तिथे खांद्यावरून पुढून खाली, दोन पायांमधून, पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यावर असा पूर्ण वेढा मोजतात. उंच मुलीची छाती-कंबर यूथच्या मापात असते आणि वेढा अ‍ॅडल्टचा. छातीवरून साइझ घेतला की पट्टे खांद्यात रुततात, मग मुलगी सतत मागून ओढत बसते. तिथे वेढ्यावरच जायचं, बाकीचं कापड ताणून घेतं.

---

किटबॅग
गोलकीपरच्या पॅन्टचंही सांगून टाकतो. गुडघ्याला शिवलेलं पॅडिंग असतं. पोराचा पाय आखूड असताना अ‍ॅडल्ट घेतलं तर ते गुडघ्याखाली नडगीवर उतरतं, आणि पोर पडतं उघड्या गुडघ्यावर. तिथे "वाढत्या अंगाचं" म्हणजे सरळ इजा.

---

वाढतं_माप
माझं नाव घेतल्याशिवाय तुमचा प्रतिसाद पुरा होत नाही वाटतं. बरं, पॅडवाल्या पॅन्टला मापाचंच घ्यावं. लिहून घ्या, पुन्हा म्हणणार नाही.

---

लांबटांग
आणि अंगालगतच्या कॉम्प्रेशन टॉपचं काय? पूर्ण बाही, छाती 78. स्मॉलमध्ये बाही पुरते पण अंगाला चिकटत नाही. यूथ एक्सएल चिकटतो पण मनगट उघडं.

---

मुंढेवाला
तिथे यूथ. सैल कॉम्प्रेशनच्या घड्या काखेत आणि कोपराच्या आत जमतात आणि घामात घासतात. मनगट उघडं राहिलं तर राहू दे.

---

लांबटांग
थंडीत राहू दे?

---

पाण्यातला
थंडीत स्मॉल. घासलं तर घासलं, बोटं गारठलेल्या पोराला चेंडू पकडता येत नाही.

---

मुंढेवाला
असहमत. हातमोजे घालता येतात, सोललेली काख बरी व्हायला आठवडा जातो.