मदत हवी आहे: ओव्हनमधील सीख कबाब कोरडे पडतात आणि सळईवरून सुटतात

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार. गेल्या दोन रविवारी मी घरी मटणाचे सीख कबाब करून पाहिले आणि दोन्ही वेळा ते बिघडले. अर्धा किलो खिमा आणला होता आणि चरबी नको असे मीच मटणवाल्याला सांगितले होते. त्यात दोन मोठे कांदे किसून घातले, आले-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, गरम मसाला, मीठ आणि दोन चमचे कच्च्या पपईचा कीस घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी बांबूच्या काड्यांवर कबाब वळून ट्रेमध्ये मांडले आणि ओटीजीमध्ये २०० अंशांवर पंचवीस मिनिटे भाजले, दर तीन-चार मिनिटांनी दार उघडून उलटत राहिले.

ट्रेमध्ये पांढुरके पाणी साचले, कबाब त्यातच शिजल्यासारखे फिकट राहिले, उलटताना काडी आतल्या आत फिरायची आणि खिमा जागचा हलत नसे, आणि शेवटी जे उरले ते खाताना भुसभुशीत व कोरडे लागले. वजन करून पाहिले तर कच्चा ८० ग्रॅमचा कबाब भाजल्यावर जेमतेम ५० ग्रॅम भरला. येत्या शनिवारी घरी आठ माणसे जेवायला आहेत. तापमान किती ठेवावे, कधी उलटावे आणि ओव्हनऐवजी तव्यावर करणे बरे का, हे कृपया सांगावे.

सुगरण_सदाशिव

मृण्मयीताई, कबाब सुटतात याचा अर्थ बांधणी कमी पडते. एक अंडे आणि दोन स्लाइस ब्रेडचा चुरा घाला, अजिबात सुटणार नाहीत. आणि सुरुवातीला ओव्हन २५० अंशांवर ठेवा, म्हणजे वरचा थर बंद होतो आणि रस आतच कोंडला जातो.

शशी_पाषाण

मी सोयाबीनच्या चुऱ्याचे कबाब एअर फ्रायरमध्ये करते, १८० अंशांवर बारा मिनिटे. तेही सुटत असत, पण उकडलेला बटाटा घातल्यापासून सुटत नाहीत. तुम्हीही बटाटा घालून पाहा.

कॅम्पकर

शशीताई, सोयाबीनला स्वतःची चिकटण नसते, म्हणून तिथे बटाटा लागतो. मटणात ती चिकटण मुळातच असते, ती बाहेर काढावी लागते. मी अनेक वर्षे घरगुती ऑर्डरचे कबाब करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मृण्मयीताई, तुमचे कबाब ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच बिघडले होते. चरबी काढलेल्या खिम्याचा सीख कबाब ओलसर राहणे फार कठीण. शिवाजी मार्केटमध्ये किंवा तुमच्या नेहमीच्या दुकानात मांडीचे मटण घेऊन त्यात साधारण पाचवा हिस्सा चरबी राहू द्या, म्हणजे अर्धा किलोत शंभर ग्रॅम, आणि खिमा दोनदा बारीक काढून मागा. कांदा किसल्यावर फडक्यात घट्ट पिळा. दोन कांद्यांतून जवळजवळ वाटीभर पाणी निघते आणि तेच तुमच्या ट्रेमध्ये साचत होते. पपई माझ्या मते नकोच. खिमा करताना मांसाचे धागे आधीच तुटलेले असतात, त्यावर पपई रात्रभर राहिली की जे धरून ठेवणार तेच विरघळते.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा. थंडगार खिम्यात आधी फक्त मीठ घाला, अर्धा किलोला सपाट दीड छोटा चमचा, आणि तळहाताने परातीवर घासत पाच-सहा मिनिटे मळा. खिमा हळूहळू सैल दाण्यांचा न राहता एकजीव, किंचित तारा सुटणारा होतो. लिंबाएवढा गोळा तळहातावर दाबून हात उपडा करा, गोळा पडला नाही तर मळणे पुरे झाले. मग मसाले आणि दोन मोठे चमचे डाळ्याचे पीठ घाला आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवा. हात गरम असतील किंवा खिमा कोमट झाला असेल तर चरबी तुपकट होऊन वेगळी पडते आणि बांधणी सुटते.

सुगरणताई, ब्रेडच्या चुऱ्याने ओल धरली जाते हे बरोबर आहे, पण चव कटलेटकडे झुकते. मोठ्या आचेने रस मात्र कोंडला जात नाही. खरपूस थरातूनही पाणी बाहेर येतच राहते. मोठी आच रंगासाठी आणि वेळ वाचवण्यासाठी हवी, कारण मांस आतून जितके जास्त तापते तितके ते आक्रसते आणि पाणी पिळून काढते. खिमा आतून ७१ अंशांना पोहोचला की खाण्यास सुरक्षित होतो. तिथून पुढचे प्रत्येक मिनिट नुकसानीचे. तुमची पंचवीस मिनिटे जवळजवळ दुप्पट होती.

ओव्हन वरखाली दोन्ही सळ्या लावून २३० अंशांवर किमान पंधरा मिनिटे तापवा. कबाब सपाट लोखंडी सळईवर अंगठ्याहून थोडे जाड वळा आणि सळईची टोके ट्रेच्या दोन्ही काठांवर टेकवा, म्हणजे कबाब अधांतरी राहील आणि रस खाली गळेल. पहिली सात मिनिटे दार उघडू नका. प्रत्येक वेळी उष्णता निघून जाते आणि कच्चा खिमा हलवला की फुटतो. सातव्या मिनिटाला एकदाच उलटा, वर लोण्याचा हात फिरवा, आणखी चार-पाच मिनिटे ठेवा. बाहेर काढून तीन मिनिटे झाकून ठेवा.

बिडाचा_तवा

ओव्हन हवाच कशाला? मी तव्यावरच करतो. मध्यम आच ठेवायची आणि सुरुवातीपासून झाकण घालायचे, म्हणजे वाफेने कबाब मऊ राहतात.

कॅम्पकर

तवा चांगला पर्याय आहे, आणि बिडाचा असेल तर उत्तमच, पण झाकण सुरुवातीला घातले तर वाफेचे पाणी तव्यावर पडते आणि रंग येत नाही. तव्यावर सळई ठेवू नये, टोके काठावर अडकून कबाब टेकतच नाही. सळईवर वळून तो अलगद ओढून काढा आणि पोकळ कबाब चमचाभर तेलावर ठेवा. दोन मिनिटे हात लावू नका. खालचा थर भाजला की तो स्वतःच तवा सोडतो, चिकटून बसला असेल तर अजून वेळ आहे असे समजा. मग पाव-पाव वळसा देत चारही बाजू भाजा. एकूण नऊ-दहा मिनिटे लागतात, आणि झाकण घालायचेच असेल तर शेवटची दोन मिनिटे. एका वेळी चार-पाचच ठेवा, गर्दी केली की तवा थंड पडतो.

सुगरण_सदाशिव

पपईबद्दल मला पटले नाही. माझ्या सासूबाई नेहमी घालतात आणि त्यांचे कबाब कधी फुटले नाहीत.

कॅम्पकर

त्या किती वेळ ठेवतात हे विचारून पाहाल का? अर्ध्या तासात आणि रात्रभरात बराच फरक पडतो.

मृण्मयी_कोथरूड

काल रात्री अर्धा किलोचा प्रयोग केला, निम्मे ओव्हनमध्ये, निम्मे तव्यावर. तळहातावरचा गोळा पहिल्या तीन मिनिटांच्या मळण्यानंतर खाली पडला, सहाव्या मिनिटाला चिकटून राहिला. ओव्हनमधला एकही कबाब सुटला नाही. अकराव्या मिनिटाला थर्मामीटरची सुई ७२ वर होती आणि ८० ग्रॅमचा कबाब ६४ ग्रॅम भरला. मोडल्यावर मध्यभागी ओल चमकत होती. तव्यावरच्यांना रंग अधिक चांगला आला, पण पहिला कबाब मी घाईने दीड मिनिटातच उचलला आणि त्याची खालची साल तव्यालाच राहिली.

शनिवारी आठ जणांसाठी ओव्हनच वापरीन. एक शंका उरली आहे: सळईवर वळलेले कबाब सकाळीच करून संध्याकाळपर्यंत फ्रिजमध्ये ठेवले तर चालतील का, की खिमा सळईवरून खाली ओघळेल?

बिडाचा_तवा

मी ठेवतो, पण आडवे ठेवतो आणि वर ओले फडके घालतो. सहा तास ठेवून मात्र पाहिलेले नाही.