मदत हवी आहे: टायमिंग शीटवर 90 सेकंद, अ‍ॅनिमॅटिक मात्र 87 सेकंदांचं, मधूनच आवाज मागे पडतो

अमळनेरची_चित्रकार

नमस्कार मंडळी. कानबाईच्या उत्सवावर दीड मिनिटाची छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म करते आहे. रविवारी घरात कानबाईची स्थापना, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जनाची मिरवणूक, एवढीच गोष्ट. संवाद अहिराणीत आहेत. स्टोरीबोर्ड पूर्ण झाला, 18 शॉट आहेत. त्यावरून स्प्रेडशीटमध्ये टायमिंग शीट केली: शॉट क्रमांक, किती फ्रेम, संवाद, इफेक्टचा आवाज, पुढच्या शॉटवर कसं जायचं. 24 फ्रेमच्या हिशोबाने बेरीज 2160 फ्रेम, म्हणजे बरोबर 90 सेकंद.

मग ओपनशॉटमध्ये चित्रं ओळीने लावली. आवाजांच्या जागी सध्या फोनवर रेकॉर्ड केलेले कच्चे संवाद आणि ढोलाच्या जागी टकटक आहे. प्रत्येक आवाज शीटमधल्या फ्रेम क्रमांकावर ठेवला. फाईल 87 सेकंदांची निघाली. पहिले पाच शॉट चोख जुळतात. सहाव्यात मुलगी ओरडते, "माय, पानी उनं वं!", तो आवाज उशिरा येतो. शेवटच्या शॉटांत तर त्या त्या शॉटचं चित्र निघून जातं आणि त्याचा ढोल मागून वाजतो. तीन सेकंद गेले कुठे?

धुळेकर_एडिटर

ताई, हा फ्रेम रेटचा घोळ आहे. शीट 24 ची आणि प्रोजेक्ट 25 चा असणार. 2160 फ्रेम 25 ने पळवल्या की 86.4 सेकंद होतात. प्रोफाईल 24 करा, जुळून जाईल.

फ्रेममोजणी

धुळेकर दादा, फ्रेम रेट आधी तपासायचा हे बरोबरच, पण इथे ती खूण दिसत नाही. रेट चुकला की फरक पहिल्या सेकंदापासून थोडाथोडा वाढत जातो. 14 व्या सेकंदाला येणारं चित्र साडेतेराच्या आतच येईल आणि अर्ध्या सेकंदाची चूक कानाला लगेच कळते. यांचे पाच शॉट चोख आहेत.

ताई, दोन गोष्टी सांगा. सहाव्या शॉटनंतर उशीर हळूहळू वाढतो की एकदम उडी मारतो? आणि डिझॉल्व्ह कुठे कुठे आहेत?

अमळनेरची_चित्रकार

उडीच मारतो. सहाव्यापासून साधारण एक सेकंद, दहाव्यापासून दोन, अकराव्यापासून तीन. मग शेवटपर्यंत तेवढाच. डिझॉल्व्ह 5 वरून 6, 9 वरून 10 आणि 10 वरून 11, प्रत्येकी 24 फ्रेमचे. बाकी सगळे सरळ कट.

फ्रेममोजणी

मग तुमचे तीन सेकंद तिथेच आहेत. ओपनशॉटमध्ये एक क्लिप दुसरीवर सरकवली की डिझॉल्व्ह तयार होतो. त्या 24 फ्रेमांत दोन्ही शॉट एकाच वेळी चालतात, तुमची शीट मात्र त्या दोनदा मोजते. तीन डिझॉल्व्ह म्हणजे 72 फ्रेम, म्हणजे 3 सेकंद.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा पहिले चार शॉट 72, 48, 120 आणि 96 फ्रेमचे आहेत. शून्यापासून मोजलं तर पाचवा 336 वर सुरू होतो. तो 144 चा धरला, तर शीट म्हणते सहावा 480 वर. प्रत्यक्षात तो 24 फ्रेम आधी, 456 वर सुरू झालेला असतो. मुलीची हाक शॉट सुरू झाल्यावर 20 फ्रेमने असेल, तर ती 476 वर हवी. तुम्ही ठेवली 500 वर.

शीटमध्ये "मागच्या शॉटशी सामाईक फ्रेम" असा एक रकाना वाढवा. सरळ कट असेल तिथे 0. फेड आउट होऊन पडदा काळा होतो आणि मग पुढचा शॉट उजळतो, तिथेही 0 च, कारण दोन चित्रं एकत्र येत नाहीत. B मध्ये लांबी, C मध्ये सामाईक फ्रेम, D मध्ये सुरुवात, E मध्ये शॉट सुरू झाल्यावर किती फ्रेमने आवाज, आणि F मध्ये आवाजाची खरी जागा. D2 मध्ये 0 लिहा, मग:

```
D3: =D2+B2-C3
F3: =D3+E3
```

यात मला E चा रकाना सगळ्यात मोलाचा वाटतो. आवाजाची जागा फिल्मच्या सुरुवातीपासून न लिहिता त्याच्या शॉटपासून लिहिली, की उद्या तिसरा शॉट लांबवला तरी पुढचे सगळे आकडे आपोआप सरकतात. हातात फक्त F बघून क्लिप हलवणं उरतं.

लग्नाचे_व्हिडिओ_जळगाव

मी दा विंची रिझॉल्व्ह वापरतो. तिथे कटवर डिझॉल्व्ह टाकला तर लांबी अजिबात कमी होत नाही. हळदीचे फोटो लावतो तेव्हा कधीच असं झालं नाही. सॉफ्टवेअर बदला, विषय संपेल.

फ्रेममोजणी

भाऊ, तुमचं निरीक्षण खरं आहे. तिथे डिझॉल्व्ह कटच्या मध्यावर बसतो आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपमधल्या झाकलेल्या फ्रेम वापरतो. स्थिर फोटो हवा तेवढा ताणता येतो, म्हणून जाणवत नाही. पण ताईंना यापुढे चित्रं हलवायची आहेत. तुमच्या पद्धतीने शीटवर 144 लिहिलेल्या पाचव्या शॉटच्या प्रत्यक्षात 156 फ्रेम काढाव्या लागतील आणि त्या 12 शीटवर कुठेच दिसणार नाहीत. म्हणून मी लांबीच्या रकान्यात काढायच्या सगळ्या फ्रेम लिहितो.

धुळेकर_एडिटर

इथे मी सहमत नाही. कट ते कट लांबी लिहिली की बेरीज आणि फिल्म एकच राहतात. जादा फ्रेमसाठी वेगळा रकाना ठेवायचा. आमच्याकडे तसंच चालतं.

फ्रेममोजणी

तेही चालतं, फक्त एका शीटवर दोन्ही पद्धती मिसळू नयेत.

ताई, दहावा शॉट किती फ्रेमचा आहे? त्याच्या दोन्ही टोकांना डिझॉल्व्ह आहेत म्हणून विचारतो.

अमळनेरची_चित्रकार

60. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाईचा चेहरा आहे. माझ्यासाठी फिल्ममधला सगळ्यात महत्त्वाचा शॉट.

फ्रेममोजणी

60 मधून 48 गेले. तिचा चेहरा स्वच्छ दिसणार फक्त 12 फ्रेम, अर्धा सेकंद. गमावलेल्या 72 मधल्या निदान 48 फ्रेम इथे द्या. तीन सेकंद सगळ्या शॉटांत सारखे वाटू नका.

अमळनेरची_चित्रकार

रकाने वाढवले. शीटवर आता 2088 येतात, म्हणजे फाईलइतकेच. हाक बरोबर ओठांवर बसली. दहावा शॉट 108 चा केला, उरलेल्या 24 फ्रेम शेवटच्या शॉटला दिल्या, पुन्हा 2160.

पण 9 ते 11 या शॉटांवर आजीने गायलेलं गाणं अखंड चालतं. ते कोणत्या शॉटला बांधू? टाळी मिनिटाला साधारण 96 पडते, पण दुसऱ्या ओळीत आजी वेग वाढवते.

फ्रेममोजणी

तिथे उलट करा. गाणं फक्त नवव्याच्या सुरुवातीला बांधा आणि पुढची चित्रं गाण्याला बांधा. 96 च्या चालीत दोन टाळ्यांत 15 फ्रेम येतात, पण आजींचा वेग बदलतो, म्हणून गणितावर विसंबू नका. गाणं ऐकत प्रत्येक टाळीवर मार्कर टाका आणि डिझॉल्व्हचा मध्य टाळीवर आणा. दहाव्याच्या 108 फ्रेम त्यात पाच-सात मागेपुढे होतील, होऊ द्या.

पारोळा_आर्ट

माझ्या मते आजींकडून मेट्रोनोम लावून पुन्हा गाऊन घ्या. पुढे ढोलवाल्याला रेकॉर्डिंगच्या वेळी सोपं जाईल.

अमळनेरची_चित्रकार

मेट्रोनोमवर आजी गाईल असं वाटत नाही, आणि तिचा तो वाढता वेग मला हवाच आहे. आधी मार्कर टाकून बघते. ढोलवाल्याचं मात्र खरं आहे. वेग बदलणाऱ्या गाण्यावर नंतर ढोल कुणी रेकॉर्ड करून घेतलाय का? वादकाला टकटक ऐकवायची की आजीचा आवाजच?