नखुरडं: शेक कुठवर पुरतो आणि पू कधी काढावा लागतो (अनुभव धागा)

शरदिनी
नखाशेजारचं साल दाताने ओढलं किंवा मॅनिक्युअर करताना कड जरा जास्त कापली गेली, की दोन-तीन दिवसांत तिथे लाल, गरम, ठणकणारी सूज येते. नखुरडं झालं म्हणून विचारलं की सगळे एवढंच सांगतात, "गरम पाण्यात बोट बुडव." पाणी किती गरम, किती वेळ, कितव्या दिवसापर्यंत, आणि कधी थांबून डॉक्टरांकडे जायचं, हे कोणी सांगत नाही. ज्यांच्या हाताखालून अशी बोटं जातात त्यांनी लिहावं. कहाणी थोडक्यात, तपशील भरपूर.

टाकेदार
ड्रेसिंगच्या खोलीत हे बोट वरचेवर येतं, आणि बहुतेक वेळा दोन दिवस उशिरा येतं. त्याचा नेहमीचा क्रम सांगतो.

समजा रविवारी तर्जनीच्या कडेचं साल दाताने ओढलं. सोमवारी तिथे नुसतं हुळहुळतं. मंगळवारी कड लाल होते, फुगते, शर्टाचं बटण लावताना कळ येते. इथवर कातडीला सूज आहे, पण आत पू साठलेला नाही. शेकाचा खरा उपयोग याच टप्प्यात होतो. बुधवारी रात्री ठणका सुरू होतो, हात खाली सोडला की वाढतो आणि उशीवर उंच ठेवला की कमी होतो. गुरुवारी सकाळी नखाला लागून पिवळट पट्टा दिसतो. आता पू साठला आहे आणि तो बाहेर पडल्याशिवाय ठणका जात नाही. कितीही शेकलं तरी फुगा तसाच राहतो, कधी वाढतोही.

मंगळवार आणि गुरुवार यांतला फरक दर वेळी डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी दुखऱ्या बोटाची गादी अंगठ्यावर हलकेच टेकवून दाबायची आणि नखाच्या कडेकडे पाहायचं. सुजेचा एखादा भाग स्पष्ट कडा घेऊन पांढुरका पडला, तर तिथे पू आहे असं समजावं. नुसती लाली थोडी फिकी झाली, वेगळा ठिपका उमटला नाही, तर अजून शेकायला वाव आहे. जोर लावू नका, कडेवर बोट ठेवून दाबू तर मुळीच नका.

शरदिनी
आणि शेक नेमका कसा घ्यायचा?

टाकेदार
पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं, साधारण 40 अंश. दुसऱ्या हाताचं कोपर बुडवून बघा, चटका बसता कामा नये. मधुमेह असलेल्यांच्या बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यांनी पाणी दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावं. भाजल्याचं कळत नाही आणि नखुरड्यावर फोड येऊन बसतो.

बोट पहिल्या पेराच्या वरपर्यंत बुडवायचं, 10 ते 15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी पाच मिनिटांतच कोमट होतं, म्हणून शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवून मधूनमधून थोडं घालायचं, घालताना बोट बाहेर काढायचं. नंतर स्वच्छ कपड्याने टिपून पूर्ण कोरडं करायचं, चोळायचं नाही. लोक इथेच चुकतात. ओलं बोट तसंच ठेवतात आणि कड फुगून पांढरी पडते. उरलेल्या वेळात हात उंच ठेवायचा. चोवीस तासांत ठणका कमी होत नसेल, किंवा 48 तासांनंतरही सूज तेवढीच असेल, तर घरचा उपाय संपला असं धरायचं.

भिंगरी
पाण्यात मीठ हवंच, मीठ पू ओढून घेतं. मी तर मूठभर टाकायला सांगते. शिवाय जंतुनाशकाचं झाकणभर. घरात आधीच्या आजारातल्या अँटिबायोटिक गोळ्या उरल्या असतील तर दोन दिवस घ्या, लगेच उतरतं.

रानवारा
भिंगरीताई, मीठ घालायला हरकत नाही, पण ते पू ओढत नाही. काम करते ती ऊब: रक्तपुरवठा वाढतो, कातडी मऊ होते, कधीकधी आतला पू आपोआप वाट काढतो. घालायचंच तर अर्धा लिटर पाण्यात एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम. मूठभर मिठाने जखम चुरचुरते आणि भोवतीची कातडी कोरडी होऊन तडकते. तडा म्हणजे जंतूंना नवं दार.

जंतुनाशकाचं झाकणभरही नको. जास्त तीव्र द्रावणात पंधरा-पंधरा मिनिटं बोट ठेवलं की कातडी रासायनिक चटक्याने लाल होते, आणि मग लाली जंतुसंसर्गाची की औषधाची हे बघणाऱ्यालाही ओळखता येत नाही.

उरलेल्या गोळ्यांविषयी जास्त कळकळीने सांगतो. साल ओढल्याने झालेल्या नखुरड्यात बहुतेकदा कातडीवरचे स्टॅफिलोकोकस जंतू असतात. दाताने नख कुरतडणाऱ्यांत त्यांच्यासोबत तोंडातले जंतूही असतात, त्यातले काही हवेशिवाय वाढणारे. म्हणून औषध लिहिताना डॉक्टरांना "मी नखं खातो" हे माहीत असणं फार उपयोगाचं. संकोचून लोक ते सांगत नाहीत. उरलेली गोळी कुठल्या जंतूवरची होती ते कोणाला आठवतं? अर्धवट डोसाने सूज दोन दिवस दबते आणि आत पू तसाच राहतो.

पू नसलेल्या टप्प्यात शेकानंतर म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक आम्लाचं मलम पुष्कळ डॉक्टर देतात. पण औषधपेटीत हाताला लागलेली, स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब ताज्या नखुरड्यावर लावू नका. लाली ओसरल्यासारखी वाटते आणि जंतू वाढत राहतात.

भिंगरी
गोळ्यांचं मान्य. जंतुनाशकाबद्दल मात्र मला अजून पटलं नाही, थेंबभर घातलं तर काय बिघडतं?

टाकेदार
थेंबभराने बिघडत नाही. फायदाही दिसत नाही. सवय असेल तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाबाहेर जाऊ नका, एवढंच.

उंबरठा
माझ्या चार वर्षांच्या मुलाचा अंगठा असाच सुजलाय. तो अंगठा चोखतो. पिवळा पट्टा नाही, पण बारीक पाणीदार फोड आहेत, पाच-सहा, एकमेकांना चिकटून. ओठाच्या आतही फोड आले होते. सुईने फोडू का?

रानवारा
नाही. सुई लावू नका, दाबू नका, आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हे नखुरडं नसून नागिणीच्या कुळातल्या हर्पीस विषाणूमुळे आलेले फोड असू शकतात. तोंडातल्या फोडांतून चोखताना ते अंगठ्यावर जातात. यात पू नसतो, त्यामुळे चिरा देऊन फायदा काहीच नाही. उलट विषाणू पसरतो आणि वर जंतूंचा संसर्ग होतो. औषधही वेगळं लागतं. तोवर अंगठा सैल पट्टीत झाकून ठेवा आणि त्याला हात लावल्यावर स्वतःचे हात धुवा. डोळ्याला तो हात लागू देऊ नका.

शरदिनी
पू काढतात म्हणजे नक्की काय करतात? या भीतीनेच लोक जात नाहीत, आणि घरी सुई तापवून बसतात.

टाकेदार
भीती वाटते तेवढं नसतं. नखावरून फुगलेली कड पातळ, चपट्या हत्याराने किंवा सुईच्या बाजूने नखाला समांतर ठेवून जराशी उचलतात. पू नखाच्या आणि कडेच्या मध्येच साठलेला असतो, त्यामुळे पुष्कळदा कातडी कापावीच लागत नाही. खोल असेल तर बोट बधिर करतात. पू नखाखाली शिरला असेल तर नखाचा थोडा भाग काढावा लागतो. पू निघाला की ठणका तिथल्या तिथे उतरतो. मग दोन-तीन दिवस तोच कोमट पाण्याचा शेक, वाट बुजू नये म्हणून. लाली पसरलेली नसेल आणि माणूस एरवी निरोगी असेल तर गोळ्या दर वेळी लागत नाहीत.

घरच्या सुईत हे होत नाही. माणूस सुई वरून सरळ खुपसतो, ती पुवाऐवजी चांगल्या मांसात जाते. शिवाय दाबून काढायला गेलं की पू नखाच्या मुळाकडे किंवा बोटाच्या गादीत सरकतो. गादी दगडासारखी घट्ट झाली, बोट वाकलेलंच राहतंय आणि सरळ करताना जीव जातोय, हातावर लाल रेघ चढतेय, ताप आहे, यांतलं एकही दिसलं तर शेकत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असणाऱ्यांनी पहिल्या लालीलाच दाखवावं.

कुंदा
मी हे सगळं करून थकले. चार महिने झाले, तीन बोटांच्या कडा सुजलेल्या, ठणका फारसा नाही, क्यूटिकल दिसतच नाही. दिवसातून चार वेळा शेकते आहे. पाण्याचंच काम असतं माझं. अजून किती दिवस शेकू?

रानवारा
शेक आजपासून बंद करा, कुंदाताई. धाग्यातला शेक ताज्या, एका बोटाच्या नखुरड्यासाठी आहे. सहा आठवड्यांच्या पुढे गेलेली, अनेक बोटांची सूज हा वेगळा प्रकार. क्यूटिकल ही नख आणि कातडी यांच्यातली खिडकीची काच बसवताना कडेने भरतात त्या लांबीसारखी सील आहे. सतत पाणी आणि साबणाने ती निघून गेली की ओल आत शिरत राहते. तुम्ही शेकून तीच ओल वाढवताय. अशा जागी यीस्ट सापडतं म्हणून वर्षानुवर्षं बुरशीचं मलमच देत आले. आता मूळ कारण ओलीने झालेला दाह मानतात, आणि त्यावर डॉक्टर ठरावीक काळ स्टेरॉइडचं मलम देतात. ते स्वतःच्या मनाने नको. तुमच्या हातात आहे ते असं: आत सुती हातमोजा, वर रबरी. आत घाम साचला की सुती बदलायचा. हात धुतल्यावर कडा टिपायच्या आणि जाडसर व्हॅसलीन लावायचं. सील परत यायला काही महिने लागतात, हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटरच वाढतं.

नखशिखांत
मॅनिक्युअर करणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. वर सील म्हटलंय तीच आम्ही कौतुकाने कापून टाकतो, आणि पुष्कळ नखुरडी तिथून सुरू होतात. निपर फक्त सुटून लोंबणाऱ्या सालासाठी. ते मुळाशी एका कापात तोडायचं, ओढायचं नाही. ओढलं की जिवंत कातडीची पट्टी सोबत येते. हत्यारं आधी ब्रश आणि साबणाने धुवायची, कारण चिकटलेल्या कातडीच्या आत स्पिरिट पोचत नाही. मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं, किंवा सोय असेल तर ऑटोक्लेव्ह. निळ्या दिव्याची पेटी स्वच्छ हत्यारं ठेवायला आहे, अस्वच्छ हत्यार तिच्यात स्वच्छ होत नाही. लाकडी काडी एका माणसाला एकदाच.

क्यूटिकल बोथट पुशरने मागे सारायची, हे मी करते. त्यानेही सील सुटते का?

रानवारा
जोर लागला तर सुटते. मी हातच लावू नका म्हणतो.

नखशिखांत
कोमट पाण्यानंतर, मऊ असताना, हलक्या हाताने सारली तर मला त्रास दिसलेला नाही. सुजलेल्या बोटाला मात्र मी पुशर लावत नाही, गिऱ्हाईक परत पाठवते.

शरदिनी
शेवटचं एक विचारते. दोन शेकांच्या मध्ये पट्टी बांधावी की उघडं ठेवावं?

टाकेदार
पू वाहत नसेल तर उघडं. बंद पट्टीत ओल राहते.

उंबरठा
आम्ही दाखवून आलो, हर्पीसच निघालं, औषध सुरू केलंय. पट्टीबद्दल एक सांगतो. चोखणाऱ्या मुलाचं बोट उघडं ठेवलं तर ते दोन मिनिटांत तोंडात जातं. डॉक्टरांनी सैल, कोरडी पट्टी दिली आहे आणि ओली झाली की लगेच बदलायला सांगितली आहे. दिवसात सहा-सात वेळा बदलतो.

टाकेदार
हे बरोबर आहे. नखं खाणाऱ्या मोठ्या माणसालाही हेच लागू, माझं उत्तर अपुरं होतं.