मदत हवी आहे : आईच्या न भरणाऱ्या जखमेची बायोप्सी

सप्रेम नमस्कार. आम्ही जामनेर तालुक्यातले. माझ्या आईचे वय 68 असून तिला योनीमुखाच्या बाहेरच्या भागात कित्येक वर्षांपासून खाज येत होती, आणि संकोचापोटी ती दुकानातून आणलेली मलमे लावत राहिली. तीन महिन्यांपूर्वी तिथे हरभऱ्याच्या डाळीएवढा कडक, उंचवट्यासारखा चट्टा झाला. त्याच्या मधोमध जखम आहे, ती भरत नाही आणि लघवी करताना झोंबते.

जळगावच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी जांघेतल्या गाठी चाचपून पाहिल्या आणि बायोप्सी सांगितली. त्वचेचा जुना पांढरा आजार, कर्करोगापूर्वीची अवस्था आणि कर्करोग हे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून जागा बधिर करून चट्ट्याच्या कडेचा साधारण 4 मिलिमीटरचा तुकडा घेणार आहेत. पूर्ण चट्टा आधीच का काढत नाही, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, की कर्करोग निघालाच तर तो किती खोल गेला आहे यावर पुढची शस्त्रक्रिया ठरते. खोली 1 मिलिमीटरच्या आत असेल तर जांघेतल्या गाठी सहसा काढाव्या लागत नाहीत. हे मला पटले.

आई मात्र म्हणते, “माय, चाकू लागला की रोग पसरतो.” तसे होत नाही, हे बाईंनी सांगूनही तिची भीती जात नाही. ज्यांच्या घरी ही तपासणी झाली आहे, त्यांनी कृपया सांगावे : टाका घातला होता का, लघवीच्या वेळी त्रास किती दिवस राहिला, आणि घरच्या वडीलधाऱ्या बाईला तुम्ही कसे तयार केले?